तुलनेला कोण बसवले आहे? सिंथेटिक कंट्रोलचा शोधनिबंध वाचताना डोनर पूल कसा पारखावा

चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी लागू झाली आणि 2021 मध्ये ती उठवली गेली. या बंदीमुळे रस्ते अपघातांतील मृत्यू कमी झाले का, असा प्रश्न नागपुरात बसून कोणी विचारला, तर पहिली अडचण ही येते की बंदी झाली नसती तर चंद्रपुरात काय घडले असते, हे कोणालाच दिसलेले नाही. 2014 आणि 2016 चे आकडे शेजारी ठेवून उत्तर मिळत नाही, कारण त्या दोन वर्षांत वाहने वाढली, रस्ते बदलले आणि पाऊसही वेगळा पडला. नुसत्या नागपूर जिल्ह्याशी तुलना करूनही भागत नाही, कारण नागपूर म्हणजे चंद्रपूर नव्हे. धोरण एकाच जिल्ह्यात, राज्यात किंवा देशात लागू झालेले असते तेव्हा शोधनिबंधांत बहुधा सिंथेटिक कंट्रोल ही पद्धत दिसते, आणि ती नव्याने वाचणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

पद्धतीची कल्पना सोपी आहे. धोरण लागू न झालेले अनेक घटक घ्यायचे आणि प्रत्येकाला शून्य ते एक यांमधले असे वजन द्यायचे की सगळ्या वजनांची बेरीज एक होईल. त्यांची भारित सरासरी धोरणापूर्वीच्या वर्षांत आपल्या घटकाच्या आकड्यांशी शक्य तितकी जुळली पाहिजे. ही सरासरी म्हणजे ‘कृत्रिम चंद्रपूर’. धोरणानंतर खरे चंद्रपूर आणि कृत्रिम चंद्रपूर यांच्या रेषांमध्ये जे अंतर पडते, त्याला धोरणाचा परिणाम मानतात. आल्बेर्तो अबादी आणि हाविएर गार्देआथाबाल यांनी 2003 मध्ये स्पेनमधील बास्क प्रांतातील दहशतवादाचा आर्थिक फटका याच रीतीने मोजला होता.

वजने संगणक ठरवतो, पण कोणत्या यादीतून निवड करायची हे माणूस ठरवतो. त्या यादीला डोनर पूल म्हणतात. निबंधातला आलेख कितीही देखणा असला तरी मी तो आधी पाहत नाही. परिशिष्टातला डोनर पूलचा तक्ता छापून घेतो आणि पेन्सिल हातात धरून एकेका नावासमोर थांबतो. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: कोणाला वगळले आणि का, ते शोधा

सरावासाठी या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण घेऊ. कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर 1988 मध्ये प्रपोझिशन 99 मंजूर केले आणि जानेवारी 1989 पासून सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावरचा कर 25 सेंटने वाढवला. त्याचा सिगारेटच्या दरडोई विक्रीवर काय परिणाम झाला, याचा अभ्यास अबादी, अलेक्सिस डायमंड आणि येन्स हाइनम्युलर यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात धोरणापूर्वीचा काळ 1970 ते 1988 आणि नंतरचा काळ 2000 पर्यंतचा होता.

कॅलिफोर्निया सोडून 49 राज्ये उरतात, परंतु डोनर पूलमध्ये 38 च आहेत. मॅसॅच्युसेट्स, ॲरिझोना, ओरेगन आणि फ्लोरिडा या चार राज्यांनी त्याच काळात तंबाखूविरोधी मोठे कार्यक्रम सुरू केले, म्हणून ती वगळली. न्यूयॉर्क, मिशिगन, अलास्का अशा आणखी सात राज्यांनी 1989 ते 2000 दरम्यान सिगारेटवरचा कर 50 सेंट किंवा त्याहून अधिक वाढवला, म्हणून तीही गेली. येथे नवख्या वाचकाने एक गोष्ट टिपून ठेवावी. ही अकरा राज्ये धोरणानंतरच्या काळातल्या घटनांमुळे बाद झाली आहेत. 1988 पूर्वी एखादे राज्य कॅलिफोर्नियाशी कितीही जुळत असले, तरी 1993 मध्ये त्याने स्वतःच तसेच पाऊल उचलले असेल, तर त्याची रेषा ‘धोरण नसते तर’ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. अशी राज्ये यादीत राहिली असती तर कृत्रिम कॅलिफोर्नियातली विक्रीही घटली असती आणि कराचा परिणाम होता त्यापेक्षा लहान दिसला असता.

म्हणून वगळलेल्या प्रत्येक नावाचे कारण निबंधात लिहिलेले आहे का, हे तपासावे. ते कारण एखाद्या नियमाच्या रूपात असले पाहिजे, जसे येथे 50 सेंटची मर्यादा आहे. ‘हे घटक तुलनेस योग्य वाटले नाहीत’ असे मोघम वाक्य असेल तर पेन्सिलीने तेथे मोठे प्रश्नचिन्ह काढावे, कारण निकाल पाहून यादी कापली गेली असण्याची शक्यता अशा वाक्याआडच दडलेली असते.

दुसरी पायरी: धोरणाचे शिंतोडे शेजाऱ्यावर उडाले आहेत का

कृत्रिम कॅलिफोर्निया पाच राज्यांचा बनला: युटा 0.334, नेवाडा 0.234, मोंटाना 0.199, कोलोरॅडो 0.164 आणि कनेक्टिकट 0.069. बेरीज एक येते आणि बाकीच्या 33 राज्यांना जवळजवळ शून्य वजन आहे. मोजक्याच घटकांना वजन मिळणे हा या पद्धतीचा स्वभाव आहे आणि वाचकाच्या दृष्टीने ते सोयीचेही आहे, कारण शंका घ्यायची तर पाचच नावांवर घ्यावी लागते.

आता नकाशा उघडावा. या पाचांपैकी कॅलिफोर्नियाला लागून फक्त नेवाडा आहे. कर वाढल्यावर सीमेजवळचे काही लोक नेवाडात जाऊन पाकिटे घेऊ लागले असे समजा आणि त्यामुळे नेवाडाची दरडोई विक्री वर्षाला 10 पाकिटांनी वाढली असेही समजा. हा 10 चा आकडा केवळ हिशेबासाठी मी घेतला आहे. नेवाडाचे वजन 0.234 असल्यामुळे कृत्रिम कॅलिफोर्नियाची रेषा 2.34 पाकिटांनी वर सरकेल आणि तेवढा परिणाम फुगलेला दिसेल. निबंधाच्या अंदाजानुसार 2000 साली कॅलिफोर्नियातली दरडोई विक्री धोरण नसते तर जेवढी असती त्यापेक्षा सुमारे 26 पाकिटांनी कमी होती. त्या 26 मधून 2.34 वजा केले तरी निष्कर्ष उभाच राहतो. परंतु अंदाज 4 पाकिटांचा असता तर हाच शिंतोडा निम्म्याहून अधिक परिणाम खाऊन गेला असता.

हा छोटा हिशेब कोणत्याही निबंधावर करता येतो: शेजारच्या घटकाचे वजन घ्या, त्याच्यावर किती परिणाम झाला असू शकेल याचा अंदाज करा, दोहोंचा गुणाकार करा आणि तो मुख्य आकड्याशेजारी ठेवा. त्याहून महत्त्वाची आहे ती दिशा. शेजाऱ्यावरचा परिणाम उलटा असेल, म्हणजे तेथे विक्री वाढत असेल, तर निकाल फुगतो. तो सुलटा असेल, म्हणजे तंबाखूविरोधी वारे सीमा ओलांडून तेथेही विक्री घटत असेल, तर निकाल आकसतो. लेखकांनी ‘गळतीची शक्यता आहे’ एवढेच लिहून दिशा सांगितली नसेल, तर त्यांनी अर्धेच काम केले आहे.

तिसरी पायरी: जुळणी कशातून आली ते पाहा

पाच नावे पाहून वाचक हमखास विचारतो की कॅलिफोर्नियाच्या तुलनेला युटा कशासाठी? उत्तर तक्त्यात आहे. 1988 मध्ये कॅलिफोर्नियाची दरडोई विक्री 90.10 पाकिटे होती, तर 38 राज्यांची साधी सरासरी 114.20 होती. सरासरी इतकी खाली ओढायची तर खूप कमी विक्रीचे एखादे राज्य लागतेच, आणि धूम्रपान निषिद्ध मानणाऱ्या मॉर्मन पंथाचे लोक बहुसंख्य असलेल्या युटात विक्री अतिशय कमी आहे. पाच राज्यांची भारित सरासरी 91.62 येते.

येथून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की आपला घटक डोनर पूलच्या टोकांच्या आत असला पाहिजे. वजने ऋण नसल्यामुळे भारित सरासरी कधीही यादीतल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर किंवा सर्वांत लहान आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. न्यू हॅम्पशायरची दरडोई विक्री सर्वांत जास्त होती, त्यामुळे कृत्रिम न्यू हॅम्पशायर नीट तयारच होत नाही आणि त्याची धोरणपूर्व चूक, म्हणजे खऱ्या आणि कृत्रिम रेषांमधले अंतर, प्रचंड येते. मुंबईसाठी कृत्रिम मुंबई बनवायला बसलेल्या माणसाचीही हीच गत होईल.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे आणि निबंधांत ती फार क्वचित बोलली जाते. 100 ही पातळी 95 आणि 105 यांच्या सरासरीनेही गाठता येते, तशीच 40 आणि 160 यांच्या सरासरीनेही. दोन्ही ठिकाणी तक्त्यात जुळणी तंतोतंत दिसेल. परंतु 40 आणि 160 वाले घटक बाहेरच्या धक्क्याला आपल्या घटकासारखाच प्रतिसाद देतील असे मानायला फारसा आधार नसतो. म्हणूनच वजन मिळालेल्या प्रत्येक घटकाची स्वतःची रेषा निबंधात किंवा परिशिष्टात पाहायला मिळाली पाहिजे. केवळ सरासरीची रेषा दाखवणाऱ्या निबंधाबद्दल मी सावध असतो.

तक्त्यातली न जुळलेली ओळही वाचावी. याच अभ्यासात दरडोई उत्पन्नाचा लॉगरिदम कॅलिफोर्नियासाठी 10.08 आणि कृत्रिम कॅलिफोर्नियासाठी 9.86 आहे, म्हणजे कृत्रिम राज्य सुमारे एक पंचमांशाने गरीब आहे. संगणकाने या चलाला फार थोडे महत्त्व दिले, कारण विक्रीचा अंदाज बांधायला ते विशेष उपयोगी ठरले नाही. हे उत्तर मान्य करायचे की नाही, हे वाचकाने विषय समजून ठरवावे. मला ते सिगारेटच्या बाबतीत मान्य आहे, पण मोटारींच्या विक्रीच्या बाबतीत मी ते सहजासहजी मानणार नाही.

धोरणापूर्वीची वर्षे किती, हेही येथेच मोजावे. 19 वर्षे रेषा सोबत चालल्या तर त्याला अर्थ आहे. चार वर्षांचा काळ आणि 40 घटक असतील तर काही ना काही जुळणी योगायोगानेही निघते.

चौथी पायरी: प्लासिबो मोजा आणि एकेकाला उठवून पाहा

या पद्धतीत नेहमीची प्रमाणचूक नसते. त्याऐवजी प्रत्येक डोनरवर धोरण लागू झाले असे खोटेच मानून तीच आकडेमोड पुन्हा करतात; यालाच प्लासिबो म्हणतात. धोरणानंतरच्या चुकीच्या वर्गांची सरासरी धोरणापूर्वीच्या तशाच सरासरीच्या किती पट आहे, हे प्रत्येकासाठी काढतात. कॅलिफोर्नियाचे हे गुणोत्तर सुमारे 130 आले आणि 39 राज्यांत ते सर्वांत मोठे होते. म्हणून योगायोगाची शक्यता 1 भागिले 39, अर्थात 0.026. साध्या शब्दांत सांगायचे तर डोनरची संख्याच पुराव्याची कमाल मर्यादा ठरवते. नऊ डोनर असतील तर सर्वोत्तम निकालही 0.10 च्या खाली जाणार नाही, आणि अशा निबंधात ‘परिणाम सांख्यिकीदृष्ट्या ठाम आहे’ असे वाक्य दिसले तर ते कोठून आले हे विचारावे.

यादी लांबवून ही मर्यादा खाली आणण्याचा मोह म्हणूनच होतो. त्यावर उपाय असा की ज्यांची धोरणपूर्व जुळणीच वाईट आहे अशा डोनरना काढून प्लासिबो पुन्हा मोजायचा. धोरणपूर्व चुकीच्या वर्गांच्या सरासरीला कॅलिफोर्नियाच्या दुपटीची मर्यादा लावली तेव्हा 19 राज्ये उरली आणि त्यांतही कॅलिफोर्नियाची रेषा सर्वांत खाली राहिली. त्याशिवाय वजन मिळालेल्या घटकांपैकी एकेकाला उठवून वजने नव्याने काढावीत. एक नाव उठवताच परिणाम निम्मा होत असेल, तर तो निबंध एका घटकाच्या खांद्यावर उभा आहे असे समजावे.

आता आपला चंद्रपूर

रविवारी सकाळी धरमपेठेतल्या एका घरी आम्ही चारपाच जण असे निबंध वाचायला बसतो. चंद्रपूरचा आराखडा तेथे मीच मांडला होता आणि पहिल्याच यादीत चूक केली होती. विदर्भातले उरलेले दहाही जिल्हे मी डोनर म्हणून घेतले. वजने आली तेव्हा वर्ध्याला मोठा वाटा मिळाला होता आणि धोरणपूर्व रेषा छान जुळत होत्या, त्यामुळे मी खुशीत होतो. तक्त्यावर बोट ठेवून आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलीने विचारले, “सर, वर्ध्यात तर आधीपासूनच बंदी आहे ना?” वर्ध्यात 1970 च्या दशकापासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. ‘बंदी नसते तर’ काय झाले असते, हे ज्या जिल्ह्यात बंदीच आहे तो कसे सांगणार? शिवाय वर्ध्यात चोरून येणाऱ्या दारूचा काही भाग चंद्रपूरच्या दुकानांतून येत असला, तर चंद्रपूर बंद झाल्याचा फटका वर्ध्याच्या आकड्यांनाही बसतो. माझ्या यादीत पहिली फुली वर्ध्यावर पडली आणि दुसरी गडचिरोलीवर.

त्यानंतर सीमा पाहिल्या. नागपूर, भंडारा आणि यवतमाळ हे तीन जिल्हे चंद्रपूरला लागून आहेत. चंद्रपूरचा माणूस वणीला जाऊन दारू पिऊन परतत असेल, तर अपघाताची नोंद यवतमाळच्या हद्दीतही होऊ शकते. यवतमाळचा आकडा वाढला की कृत्रिम चंद्रपूर वर जाते आणि बंदी होती त्याहून यशस्वी दिसते. ही तिन्ही नावे मुख्य आकडेमोडीतून काढली आणि त्यांना धरून केलेली आकडेमोड शेजारी ठेवायची असे ठरवले, म्हणजे दोहोंतला फरक गळतीचा अंदाज देईल.

उरले गोंदिया, अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलढाणा. पाच डोनर म्हणजे प्लासिबोची मर्यादा 1 भागिले 6, सुमारे 0.17. हे पुरेसे नाही, म्हणून विदर्भाबाहेर जाणे भाग होते. राज्यातल्या 36 जिल्ह्यांतून चंद्रपूर आणि वरचे पाच काढले की 30 राहतात. ठाण्यातून पालघर ऑगस्ट 2014 मध्ये वेगळा झाला, म्हणजे ठाण्याचा आकडा धोरणापूर्वीच अचानक घसरतो आणि ती घसरण खरी नसते. दोघांना जोडून एक घटक करता आला असता, पण मुंबईलगतचा तो पट्टा चंद्रपूरशी कोठेच जुळत नसल्याने आम्ही दोन्ही सोडले. मुंबई शहर आणि उपनगरही त्याच कारणाने गेले. 26 जिल्हे उरले आणि मर्यादा 1 भागिले 27, म्हणजे सुमारे 0.037 झाली. कोळसा खाणी, सिमेंट आणि औष्णिक वीज यांची जड वाहतूक चंद्रपुरात जशी आहे तशी कोकणातल्या जिल्ह्यांत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे तेथल्या एखाद्या जिल्ह्याला मोठे वजन मिळालेच, तर तिसऱ्या पायरीतला 40 आणि 160 चा प्रश्न स्वतःलाच विचारायचा असे ठरले.

सर्वांत मोठा पेच मात्र काळाचा निघाला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दारूची दुकाने बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये दिला आणि तो 1 एप्रिल 2017 पासून लागू झाला. पुढे त्यात सवलती आल्या, तरी त्या तारखेला डोनर जिल्ह्यांतली बरीच दुकाने एकदम बंद झाली. चंद्रपुरात बंद व्हायला दुकाने उरलीच नव्हती. म्हणजे 2017 नंतर आमचे सगळेच डोनर थोडेथोडे ‘बंदीवाले’ झाले, आणि येथे पहिल्या पायरीचा नियम लावून कोणाला वगळणेही शक्य नाही, कारण आदेश सर्वांनाच लागू होता. अपघात हा निकाल असल्यामुळे तर महामार्गावरची दुकाने बंद होणे थेट मुळावर येते.

म्हणून आमच्या आराखड्यातला स्वच्छ काळ फक्त एप्रिल 2015 ते मार्च 2017 असा दोन वर्षांचा आहे. वार्षिक आकडे घेतले तर दोनच ठिपके मिळतात, त्यामुळे जिल्हावार मासिक नोंदी मिळवाव्या लागतील आणि मासिक आकड्यांत लहान जिल्ह्यांची रेषा फार थरथरते. बंदीचा निर्णय जानेवारी 2015 मध्येच झाला होता, तेव्हा जुळणी डिसेंबर 2014 ला थांबवायची हेही ठरले. 2017 ते 2021 चा भाग आम्ही आलेखात दाखवू, पण त्याला वेगळी पार्श्वभूमी देऊ आणि त्या अंतराला बंदीचा परिणाम म्हणणार नाही.